विषयपत्रिकेवर पंधरा मिनिटं: एका सोसायटीतल्या सौर प्रस्तावाचं प्रकरण

पुण्याच्या एका उपनगरात ४८ सदनिकांची सहकारी गृहनिर्माण संस्था आहे. दोन विंग, दोन लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले आणि आवारातले दिवे, आणि या सगळ्याला मिळून एक सार्वजनिक मीटर. एप्रिल २०२४ ते मार्च २०२५ या वर्षात त्या मीटरवर महिन्याला सरासरी बाराशे युनिट पडले आणि बिल एकवीस-बावीस हजारांच्या घरात आलं. महावितरणच्या घरगुती दरात वापर वाढला की पुढच्या प्रत्येक टप्प्याचा दर चढत जातो, आणि पाचशे युनिटच्या वरचा टप्पा सगळ्यात महाग असतो. या सोसायटीचा मीटर पहिल्या पंधरवड्यातच पाचशे ओलांडतो. म्हणजे उरलेले सातशे युनिट दर महिन्याला सर्वांत चढ्या दराने घ्यावे लागतात.

यावर उपाय म्हणून तिसऱ्या मजल्यावरच्या एका सभासद बाईंनी छतावर १० किलोवॉटचा सौर संच बसवण्याचा प्रस्ताव तयार केला. त्या समितीवर नाहीत. नोकरी एका कारखान्याच्या खरेदी विभागात, त्यामुळे दरपत्रकं वाचायची सवय आहे. त्यांचा प्रस्ताव २०२५ मध्ये समितीपुढे दोनदा गेला. एप्रिलमध्ये त्याचं काहीच झालं नाही. जुलैमध्ये तो शिफारशीसह पुढे सरकला. मधल्या काळात संचाची क्षमता तीच होती, पुरवठादारही तेच होते. फरक पडला तो विषय समितीच्या टेबलावर कसा आला त्यात. गृहनिर्माण संस्थांचं लेखापरीक्षण हा माझा व्यवसाय असल्याने इतिवृत्ताच्या वह्या मी वर्षभर वाचत असतो, आणि या वहीतल्या दोन नोंदी शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत.

एप्रिलची नोंद अशी: ‘ऐनवेळच्या विषयात सौरऊर्जेबाबत चर्चा झाली. अधिक माहिती घेऊन पुढे विचार करावा असे ठरले.’ माहिती कोणी घ्यायची, कधीपर्यंत आणि कसली, यातलं काहीच वहीत नाही. अशी नोंद मी कितीतरी सोसायट्यांच्या वह्यांत पाहिली आहे, आणि तिच्यानंतर त्या विषयाचा पुन्हा उल्लेख सापडला असं क्वचितच घडतं.

त्या वेळी बाईंनी सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिहिलं होतं: ‘पुढच्या मीटिंगमध्ये सोलरचा विषय घ्या, खूप फायदा आहे.’ खाली अंगठे पडले, दोघांनी आपापल्या ओळखीचे पुरवठादार सुचवले, एकाने गळतीचा मुद्दा काढला. सचिवांनी विषय टाळला नाही. पण विषयपत्रिका लिहायला बसलेल्या माणसाच्या हातात या मेसेजने काय दिलं? किती पैशांचा विषय आहे हे नाही, समितीने ठरवायचं काय हे नाही, बोलणार कोण आणि किती वेळ हेही नाही. त्यामुळे तो विषयपत्रिकेत न येता ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ या शेवटच्या ओळीखाली गेला. सभा रात्री नऊला सुरू झाली होती. लिफ्टच्या देखभालीचा करार आणि थकबाकीदारांची यादी यांतच पावणेअकरा झाले. बाईंना बोलावलंच नव्हतं. समितीतल्या एकाने आठवेल तेवढं सांगितलं आणि सगळे उठले.

जूनमध्ये त्या माझ्याशी बोलल्या तेव्हा त्यांचा प्रश्न होता की समितीला पटवायचं कसं. मी त्यांना आधी समितीचे अधिकार बघायला सांगितलं, कारण अर्जाचं बाकी सगळं रूप त्यावर ठरतं. आदर्श उपविधींप्रमाणे २६ ते ५० सभासदांच्या संस्थेत समितीला सर्वसाधारण सभेला न विचारता दुरुस्ती-देखभालीवर ५०,००० रुपयांपर्यंतच खर्च करता येतो. सहा लाखांचा सौर संच या मर्यादेच्या कितीतरी बाहेर, आणि तो दुरुस्तीतही बसत नाही. म्हणजे समितीला कितीही पटलं असतं, तरी ‘मंजूर’ म्हणण्याचा अधिकार तिला नव्हताच. जे अधिकारातच नाही ते मागितलं की समिती ‘नंतर बघू’ म्हणते, आणि तिला दुसरं काही म्हणताही येत नाही.

मग मागायचं काय? समितीच्या हातात असलेली गोष्ट: प्रस्ताव तपासावा आणि वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेत शिफारशीसह घ्यावा. एवढ्याने मागणी लहान झाली, आणि समितीला त्याच बैठकीत हो किंवा नाही म्हणता येईल अशीही झाली. शिवाय तिला तारीख आली. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, तिची नोटीस १४ पूर्ण दिवस आधी द्यावी लागते, आणि या सोसायटीने ती १४ सप्टेंबरला धरली होती. नोटीस देण्याचा दिवस आणि सभेचा दिवस मोजायचे नसतात, म्हणून नोटीस उशिरात उशिरा ३० ऑगस्टला निघायला हवी होती. त्याआधी समितीच्या दोनच बैठका होत्या: १३ जुलै आणि ऑगस्टमधली.

समितीच्या बैठकीची नोटीस तीन पूर्ण दिवस आधी निघते. १३ जुलैच्या रविवारसाठी ती बुधवारी, ९ तारखेला निघणार. बरेच सभासद इथे चुकतात. बैठकीच्या तीन दिवस आधी अर्ज दिला तर नोटीस आधीच गेलेली असते आणि विषय पुन्हा ‘ऐनवेळी’त जाऊन पडतो. दिवस मागे मोजायचे ते नोटिशीपासून, आणि सचिवांना कागद चाळायला आठवडाभर तरी सोडायचा. बाईंनी १ जुलैला अर्ज दिला. दोन प्रती नेल्या, एक आवक रजिस्टरला नोंदवली, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि सचिवांची सही घेतली. ही पोच पुढे कोणाला दाखवावी लागली नाही. पण ती घेतली की अर्ज खिशात किंवा फोनमध्ये राहत नाही. तो संस्थेच्या दप्तरी येतो आणि आलेला अर्ज समितीपुढे ठेवणं हे सचिवांचं काम होतं.

अर्ज, ओळख पटेल असा मजकूर गाळून, असा होता:

दि. १ जुलै २०२५

प्रति,
मा. सचिव,
… सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित, पुणे

विषय: दि. १३ जुलै २०२५ च्या समिती सभेच्या विषयपत्रिकेत सौरऊर्जा संचाचा विषय घेणे व तो मांडण्यासाठी १५ मिनिटे मिळणेबाबत.

महोदय,

मी संस्थेची सभासद असून सदनिका क्र. … माझ्या नावे आहे. सार्वजनिक मीटरच्या वीजबिलात बचत व्हावी यासाठी इमारतीच्या छतावर १० किलोवॉट क्षमतेचा सौरऊर्जा संच बसवण्याचा प्रस्ताव मी तयार केला आहे. अपेक्षित खर्च ६,१५,००० रुपये असून केंद्र शासनाच्या योजनेतून अपेक्षित अनुदान १,८०,००० रुपये आहे. एवढा खर्च मंजूर करण्याचा अधिकार सर्वसाधारण सभेचा असल्याने समितीस माझी विनंती एवढीच आहे की, प्रस्ताव तपासून तो सप्टेंबरमधील वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेत शिफारशीसह घ्यावा.

यासाठी मला एकूण १५ मिनिटे लागतील: मांडणीसाठी ६ व प्रश्नोत्तरांसाठी ९. मी समितीची सदस्य नसल्याने या विषयापुरते उपस्थित राहण्याची परवानगी मिळावी. निर्णयाच्या वेळी मी बाहेर थांबेन. प्रोजेक्टरची आवश्यकता नाही. दरपत्रक देणाऱ्या कोणत्याही पुरवठादाराशी माझा अथवा माझ्या कुटुंबीयांचा आर्थिक संबंध नाही.

१३ जुलैला वेळ नसल्यास ऑगस्टच्या सभेत विषय घ्यावा. त्यानंतर वार्षिक सभेची नोटीस निघणार असल्याने विषय यंदा घेता येणार नाही. कोणत्या सभेत विषय घेतला जाईल ते कृपया कळवावे.

आपली विश्वासू,
(सही)

सोबत, प्रत्येकी ९ प्रती:
१. प्रस्तावाचे टिपण (१ पान)
२. तीन दरपत्रकांचा तुलनात्मक तक्ता (१ पान)
३. सार्वजनिक मीटरचा बारा महिन्यांचा वापर व मार्च २०२५ चे बिल (२ पाने)
४. छताचा नकाशा, संचाची जागा दाखवून (१ पान)
५. ठरावाचा मसुदा (अर्धे पान)
मूळ दरपत्रके (एक संच) सचिवांकडे पाहण्यासाठी ठेवली आहेत.

अर्जाचा विषय पुन्हा वाचा. त्यात सभेची तारीख आहे, विषयाचं नाव आहे आणि मागितलेला वेळ आहे. सचिवांना विषयपत्रिकेची ओळ त्यातूनच उचलता आली. नोटिशीत विषय क्रमांक ४ म्हणून छापलं गेलं ते असं: ‘छतावर सौरऊर्जा संच बसवण्याच्या प्रस्तावावर सभासदांचे निवेदन ऐकणे व वार्षिक सर्वसाधारण सभेकडे शिफारस करण्याबाबत निर्णय घेणे.’ या ओळीत निर्णय आला, म्हणून बैठकीत ‘चर्चा झाली’ एवढ्यावर सुटता येणार नव्हतं.

आर्थिक संबंध नसल्याचं वाक्य बाईंना आधी नको होतं. आपल्यावर कोणी संशय घेतलेला नसताना खुलासा कशाला, असं त्यांना वाटत होतं. मी ते घालायचा आग्रह धरला. सोसायटीत कुठल्याही खरेदीचा विषय निघाला की दहा मिनिटांत कोणाच्या तरी मनात ‘यात ह्यांचं काय?’ हा प्रश्न येतो. तो तोंडावर कोणी विचारत नाही, आणि न विचारलेला प्रश्न विषय लांबणीवर टाकायला पुरेसा असतो. खरोखर संबंध असता तर तेही लिहायला हवं होतं, आणि त्या पुरवठादाराचं दरपत्रक बाजूला ठेवायला हवं होतं.

वेळेचा आकडा कसा ठरवायचा हा यातला सगळ्यात नाजूक भाग. ‘थोडा वेळ’ किंवा ‘दोन मिनिटं’ असं लिहिण्यात नम्रता वाटते, पण त्याचा सचिवांना काही उपयोग नसतो. त्यांना दोन तासांत सात-आठ विषय बसवायचे असतात. दोन मिनिटं मागून पंधरा घेतली तर पुढच्या विषयांचा वेळ जातो आणि आपल्याबद्दल नाराजी राहते. अर्धा तास मागितला तर विषय शेवटी ढकलला जातो. बाईंनी घरी घड्याळ लावून मांडणी बोलून पाहिली. बारा मिनिटं गेली. मग त्यांनी कागदावर असलेलं सगळं बोलण्यातून काढलं आणि सहावर आल्या. प्रश्नांना मांडणीपेक्षा जास्त वेळ ठेवला हे मला फार योग्य वाटलं. कागद आधी वाचायला मिळणार असतील तर समितीला ऐकण्यापेक्षा विचारण्यात रस असतो.

५ तारखेला सचिवांचा फोन आला.

“ताई, पंधरा मिनिटं नाही जमणार हो. त्या दिवशी पाण्याच्या टाकीचाही विषय आहे. दहात आटपाल का?”

“चालेल काका. पण कागद नोटिशीबरोबरच सगळ्यांकडे जातील ना?”

“हो, बुधवारी सगळ्यांच्या दारात टाकायला सांगतो वॉचमनला.”

दहा मिनिटांवर त्यांनी हुज्जत घातली नाही, आणि कागदांची खात्री मात्र करून घेतली. कापायची वेळ आली तेव्हा मांडणी सहावरून तीनवर आणली आणि प्रश्नांची सात मिनिटं राखली. कागद त्याच संध्याकाळी हातात पडणार असते, तर हे जमलं नसतं.

जोडलेल्या कागदांत सर्वांत कामाला आला तो तुलनात्मक तक्ता. तीन दरपत्रकं होती: ५,६०,०००, ६,१५,००० आणि ६,८०,००० रुपयांची. नुसते आकडे पुढे ठेवले असते तर कोणीही पहिल्यावर बोट ठेवलं असतं. पण ‘पीएम सूर्यघर’ योजनेत गृहनिर्माण संस्थांना सार्वजनिक वापराच्या संचासाठी मिळणारं किलोवॉटमागे १८,००० रुपयांचं अनुदान देशी बनावटीच्या पॅनेललाच लागू होतं, आणि पुरवठादारही योजनेत नोंदणीकृत असावा लागतो. सर्वांत स्वस्त दरपत्रकात पॅनेल कुठल्या बनावटीची हेच लिहिलेलं नव्हतं. विचारल्यावर कळलं की ती आयात केलेली आहेत. म्हणजे तिथे अनुदान शून्य आणि खर्च पूर्ण ५,६०,०००. दुसऱ्या दरपत्रकात अनुदान वजा जाता ४,३५,०००. तक्त्यात बाईंनी ‘अनुदानानंतर प्रत्यक्ष खर्च’ असा रकाना घेतला आणि तोच ठळक केला. मूळ दरपत्रकं प्रत्येकी आठ-दहा पानांची होती. ती नऊ जणांना वाटली असती तर कोणीच काही वाचलं नसतं. एक संच सचिवांकडे ठेवल्याने, काही लपवलंय असंही कोणाला म्हणता आलं नाही.

बारा महिन्यांच्या वापराबरोबर मार्चचं अख्खं बिल जोडण्यामागेही कारण होतं. संचाची जास्तीची वीज महावितरणच्या जाळ्यात सोडून ती बिलातून वळती करून घेण्याच्या पद्धतीत, म्हणजे नेट मीटरिंगमध्ये, संचाची क्षमता मीटरच्या मंजूर भारापेक्षा जास्त ठेवता येत नाही, आणि मंजूर भार बिलावर छापलेला असतो. इथे तो १२ किलोवॉट होता, म्हणून १० चा संच बसत होता. बिल संस्थेच्याच नावाचं आहे हेही त्यावरूनच दिसतं. अनुदानाचा अर्ज संस्थेला करायचा असल्याने ते आवश्यक होतं. काही जुन्या सोसायट्यांत सार्वजनिक मीटर अजून बिल्डरच्या नावावर असतो. तिथे आधी नाव बदलून घ्यावं लागतं, आणि हे प्रस्ताव मांडून झाल्यावर उघडकीला आलं की सगळं वेळापत्रक कोलमडतं.

टिपणात बचत त्यांनी हात राखून धरली होती. एक किलोवॉट आपल्याकडे वर्षाला साधारण १,४०० युनिट देतो. त्या हिशेबाने १० किलोवॉटचे १४,००० युनिट होतात, म्हणजे सोसायटीचा जवळजवळ सगळा वापर. बिलावरून वर्षाला अडीच लाखांची बचत दाखवता आली असती. पण स्थिर आकार संच बसवल्यावरही भरावाच लागतो, पॅनेल धुतली नाहीत तर उत्पादन घटतं, आणि दर व नियम बदलतात. त्यांनी १,९०,००० लिहिले आणि कारणं दिली. खर्च सव्वादोन ते अडीच वर्षांत वसूल, एवढाच दावा केला. समितीतले एक निवृत्त बँक अधिकारी घरून कॅल्क्युलेटरवर हिशेब करून आले होते. त्यांचा आकडा टिपणातल्यापेक्षा जास्त निघाला. आकडा उलट निघाला असता तर दहाही मिनिटं त्यातच गेली असती.

१३ जुलैच्या बैठकीत पैशांवर फारसं कोणी बोललं नाही. पहिला प्रश्न गळतीचा, तोच एप्रिलमध्ये ग्रुपवर आलेला. त्याचं उत्तर नकाशाच्या पानावर होतं: सांगाडा काँक्रीटच्या ठोकळ्यांवर उभा राहणार, स्लॅबला भोक पाडायचं नाही. दुसरा प्रश्न वरच्या मजल्यावरच्या सदस्याचा: पापड-कुरडया वाळत घालायला जागा उरेल का? हा प्रश्न क्षुल्लक नव्हता. १० किलोवॉटला साधारण हजार चौरस फूट जागा लागते आणि गच्ची सगळ्यांची असते. बाईंनी नकाशावर मोकळा राहणारा भाग रंगवून दाखवलेला होता. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र त्यांच्याकडे नव्हतं. ए विंगच्या टाकीजवळचा स्लॅब एवढा भार घेईल का, असं अध्यक्षांनी विचारलं. ‘याचं उत्तर स्ट्रक्चरल इंजिनिअरच देऊ शकेल, माझ्याकडे तसा अहवाल नाही,’ एवढं सांगून त्या थांबल्या आणि बाहेर गेल्या.

जुलैची नोंद अशी आहे: ‘विषय क्र. ४. सभासदांचे निवेदन व सोबतची कागदपत्रे विचारात घेण्यात आली. असे ठरले की, सौरऊर्जा संचाचा प्रस्ताव दि. १४ सप्टेंबर २०२५ च्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे शिफारशीसह ठेवावा. तत्पूर्वी छताच्या भारक्षमतेबाबत स्ट्रक्चरल इंजिनिअरचा लेखी अभिप्राय सचिवांनी ऑगस्टच्या सभेपूर्वी घ्यावा.’ खाली सूचक, अनुमोदक आणि ‘ठराव सर्वानुमते मंजूर’. पहिली दोन वाक्यं बाईंनी जोडलेल्या मसुद्यातली, जवळपास शब्दशः. तिसरं समितीने घातलं. ठरावाचा मसुदा जोडणं काहींना आगाऊपणा वाटतो. मला तो सचिवांचा भार हलका करणं वाटतो, कारण रात्री अकराला ठरावाची भाषा जुळवायला कोणाच्या अंगात त्राण नसतं, आणि मग ‘विचार करावा’ हे हाताशी असलेले शब्द लिहिले जातात. या नोंदीत काम, ते करणारा माणूस आणि मुदत तिन्ही आहेत.

हा अर्ज दाबून ठेवला गेला असता, तर? आधी ऑगस्टच्या बैठकीपूर्वी पोचेचा संदर्भ देऊन स्मरणपत्र. तेही वाया गेलं तर एकपंचमांश सभासदांच्या सह्यांनी विशेष सर्वसाधारण सभेची मागणी करता येते. ४८ सभासदांत दहा सह्या पुरतात, आणि मागणी आल्यापासून महिन्याभरात सभा बोलवावी लागते. बाईंना हे ठाऊक होतं. अर्जात त्यांनी त्याचा उल्लेख केला नाही आणि ते बरं झालं. पहिल्याच अर्जात कायद्याचं कलम दाखवलं की समिती प्रस्ताव बाजूला ठेवून स्वतःच्या बचावाला लागते.

इंजिनिअरचा अभिप्राय ऑगस्टच्या मध्यावर आला. ए विंगच्या टाकीजवळ भार नको, बाकी छतावर हरकत नाही. त्यामुळे जागा कमी झाली आणि संच ८ किलोवॉटवर आला. अनुदान १,४४,००० रुपयांवर उतरलं, दुसऱ्या पुरवठादाराने सुधारित दर ५,००,००० दिला, म्हणजे प्रत्यक्ष खर्च ३,५६,०००. वार्षिक सभेची नोटीस ऐन गणपतीत, २९ ऑगस्टला निघाली आणि तिच्यात सौर संच स्वतंत्र विषय म्हणून, सुधारित रकमेसह छापलेला होता. १४ सप्टेंबरला सभेने बहुमताने मंजुरी दिली. विरोधात चार मतं पडली. संचाची देखभाल पाच वर्षं पुरवठादारानेच करावी, अशी दुरुस्ती एका सभासदाने सुचवली आणि ती ठरावात आली.